सुपारी तीस हजारांची, हातात सातशे : ढोल-ताशा पार्टीतल्या वाट्याचं एक प्रकरण

हे प्रकरण पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. माणसांची नावं बदलली आहेत, पार्टीचं नाव दिलेलं नाही. ज्या बैठकीत हा प्रश्न सुटला (जेवढा सुटला तेवढा) तिथे हिशेब लिहून घ्यायला मी बसलो होतो. आकडे त्या वहीतलेच आहेत, वाचायला सोपे जावेत म्हणून ढोबळ केले आहेत.

पार्श्वभूमी

संदीप तेविशीचा. दिवसा एका गोदामात कामाला. ढोल तो पुण्यातल्या एका पथकात शिकला. पुण्यातली पथकं ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि अशा शाळांच्या वळणावर वाढली. तिथे वादक हौसेने येतो आणि पैसे घेत नाही. मंडळाकडून पथकाला जी रक्कम मिळते ती वाद्यं, त्यांवर ताणायची पानं, टेम्पो, गणवेश यांत जाते, उरली तर एखाद्या सामाजिक कामाला. उलट काही पथकांत वादकच सुरुवातीला वर्गणी भरतो. यात गैर काही नाही, सगळ्यांना ते आधीच माहीत असतं.

संदीप नंतर ज्या पार्टीत गेला तिचा व्यवहार निराळा होता. ही लग्नाच्या वराती, परण्या, जत्रा, शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती आणि नवरात्र अशा सुपाऱ्या घेणारी चौदा जणांची धंदेवाईक पार्टी. मालकाला सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्या घरात हलगी आणि सनई तीन पिढ्यांपासून. ढोल-ताशे त्यांनी स्वतः पै-पै करून उभे केले. पार्टीतली बहुतेक पोरं शेतमजुरी, गवंडीकाम किंवा रिक्षा सांभाळून वाजवायची.

एक गोष्ट पुढे फार कामाची ठरली म्हणून इथेच सांगतो. गिऱ्हाईक दर ठरवताना अण्णांना हमखास ऐकवायचं, "पथकाची पोरं तर फुकट वाजवतात, तुमचं एवढं कसं?" आणि पार्टीत नव्याने येणारा, पथकात शिकलेला मुलगासुद्धा मनात तीच सवय घेऊन येतो. वाजवायला मिळतंय हेच त्याला पुरेसं वाटतं. आपल्या हाताला भाव किती, हे त्याने कधी विचारलेलंच नसतं. संदीपनेही विचारलं नाही. अण्णा म्हणाले, "ये, सातशे देईन," आणि तो तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या तिथीला हजर झाला.

ढोलावरून ताशावर

पथकात संदीप मागच्या रांगेत वाजवायचा. चाळीस-पन्नास ढोलांच्या मिरवणुकीत मागच्याने कानावर विसंबून चालत नाही. आवाजाला तीस मीटर कापायला सेकंदाचा साधारण अकरावा भाग लागतो. ऐकून ठोका टाकला की तो मागेच पडतो आणि पुढच्या-मागच्या रांगांत गढूळपणा येतो. म्हणून मागचे ढोलवाले ताशाच्या काड्यांकडे, नाहीतर पुढच्या वादकाच्या हाताकडे बघून वाजवतात. ही नजर संदीपला पथकाने दिली. टिपरू मुठीत न आवळता धरणं आणि थापीला पंजा मोकळा सोडणं हेही त्याच्या हातात पक्कं होतं. बोटांना चिकटपट्टी गुंडाळायची ती फोड यायच्या आधी, आल्यावर नाही, हेही तो तिथेच शिकला.

ताशा मात्र त्याला नवा होता. पार्टीतले जुने ताशावाले, त्यांना इथे दादा म्हणू, त्यांनी त्याला शिकवायला घेतलं. दोन महिने ताशाला हात लावू दिला नाही. जुन्या टायरचा तुकडा पाटावर ठोकून दिला आणि त्यावर दोन काड्या, एक उजवी एक डावी, सावकाश. डावा हात नेहमी कच्चा असतो. वेग वाढवला की डाव्याचा ठोका हलका पडतो आणि तर्री, म्हणजे ताशाची सलग कडकड, लंगडते. ती लंगडते आहे हे वाजवणाऱ्याला स्वतःला लवकर कळत नाही. दादांची परीक्षा साधी होती. संदीप वाजवत असताना ते पाठ करून बसायचे आणि कोणता ठोका डाव्याचा ते सांगायचे. जोवर त्यांना सांगता येत होतं, तोवर टायरच.

मग ताशावर बसल्यावर पान ताणायचं शिक्षण. हल्ली ताशाला कातड्याऐवजी प्लास्टिकचं पातळ पान असतं, त्यामुळे ते शेकावं लागत नाही, पण ताण नेमका लागतो. काडी वरून नुसती सोडली की तिने आपली आपण दोन-तीनदा उसळी घ्यायला हवी. उसळली नाही तर पान सैल आहे आणि मनगटाला दुप्पट कष्ट पडणार. आवाज चिरका, पत्र्यासारखा आला तर ताण जास्त आहे, ऐन वरातीत ते फाटणार.

शेवटचा आणि सगळ्यात अवघड भाग म्हणजे हात बदलणं. एका तालातून दुसऱ्या तालात जायचं ते ताशावाला ठरवतो. त्याचा इशारा अर्ध्या मात्रेने उशिरा आला तरी दहा ढोलांपैकी चार जुन्या तालात राहतात आणि सहा नव्यात जातात. ढोलवाला चुकला तर त्याचा एक ठोका बुडतो, ताशावाला चुकला तर सगळी पार्टी अडखळते. ताशाला ढोलापेक्षा जास्त पैसे देण्याचा रिवाज यातूनच आला आहे.

अडचण

चैत्रात पार्टीतला तिसरा ताशावाला गाव सोडून गेला. त्याच्या जागी संदीप उभा राहिला आणि यात्रांच्या सुपाऱ्या, त्यामागोमाग वैशाखातली लग्नं, त्याने पूर्ण ताशावर काढली. बाकीच्या दोन ताशावाल्यांना सुपारीमागे बाराशे मिळत होते. संदीपला सातशेच. अण्णांचं म्हणणं, "अजून शिकतोयस."

इथवर हे एका माणसाच्या पगारवाढीचं प्रकरण होतं. ते मोठं झालं एका लग्नात. वरात तीन तासांची ठरली होती, मुलीकडच्यांनी ती पाच तासांवर नेली. नवरदेवाच्या मामांनी खूश होऊन नोटा ओवाळल्या, त्या अण्णांच्या पिशवीत गेल्या. जेवणाच्या पंगतीत मुलाच्या चुलत्याने संदीपला सहज सांगितलं की पार्टी तीस हजारांना ठरली आहे. चौदा जणांपैकी हा आकडा तोवर एकालाही माहीत नव्हता. पोरांनी पत्रावळीवरच गुणाकार केला. चौदाला सरासरी आठशेच्या आत पडतात, म्हणजे अकरा हजार वाटले. मग एकोणीस हजार गेले कुठे?

हा प्रश्न अर्धवट होता, पण पोरांकडे असलेल्या माहितीवर दुसरा प्रश्न पडूही शकत नव्हता. सुपारीची रक्कम झाकून ठेवली की मधला सगळा खर्चही झाकला जातो, आणि मालकाने प्रामाणिकपणे केलेला खर्चसुद्धा पोरांच्या हिशेबी त्याच्या खिशात जातो. अण्णांचं सगळ्यात मोठं नुकसान या झाकण्याने केलं असं माझं मत आहे.

समोर असलेले पर्याय

पुढच्याच आठवड्यात दोन सुपाऱ्या होत्या. पोरांत सगळ्यात गरम पर्याय होता ऐन वरातीत वाद्यं खाली ठेवण्याचा. नवरदेव घोड्यावर बसलेला असताना चौदा जण थांबले की मालकाला जागेवर कबूल व्हावंच लागतं. संदीप याला तयार झाला नाही, आणि मला त्याचा हा निर्णय या प्रकरणातला सगळ्यात शहाणा वाटतो. तालुक्यात सुपाऱ्या तोंडातोंडी मिळतात. एका लग्नात पार्टी अडून बसली ही बातमी पुढच्या हंगामापर्यंत पुरते, आणि ती मालकाच्याच नव्हे तर वाजवणाऱ्यांच्याही नावावर चिकटते. शिवाय रस्त्यावर कबूल केलेला दर दुसऱ्या दिवशी कोणी पाळत नाही.

दुसरा पर्याय स्वतःची पार्टी काढण्याचा. चार ढोलवाले संदीपबरोबर निघायला तयार होते. त्यांनी चौकशी केली तेव्हा बरा ढोल सहा-सात हजारांना पडत होता. आठ ढोल, दोन ताशे, धातूच्या थाळीचा टोल, पट्टे, जादा पानं आणि ठेवायला खोली असा हिशेब साठ-सत्तर हजारांच्या पुढे गेला. पैसे कर्जाने उभे राहिलेही असते, पण पुढे आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं बंद. नव्या पार्टीला गणपतीची एखादी सुपारी मिळेल न मिळेल, हप्ता मात्र दर महिन्याला आला असता.

तिसरा पर्याय दुसऱ्या पार्टीत जाण्याचा. शेजारच्या गावच्या एका मालकाने संदीपला ताशासाठी तेराशे देऊ केले होते. चौथा, अण्णांकडे फक्त स्वतःसाठी बाराशे मागण्याचा. मागितले असते तर ते मिळाले असते याची मला खात्री आहे, कारण गणपती जवळ येत होते आणि ताशावाला वेळेवर मिळत नाही.

मग सगळ्यांसाठी बोलायचं का? पार्टीतली जुनी माणसं गप्प का आहेत हे शोधल्यावर संदीपने ते ठरवलं. दादा आणि आणखी पाच जणांनी अण्णांकडून उचल घेतलेली होती. कुणी पावसाळ्यात बियाण्याला, कुणी पोरीच्या दवाखान्याला. ती दर सुपारीतून थोडी थोडी कापली जायची. अण्णा व्याज घेत नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण उचल फिटेपर्यंत माणूस दुसरीकडे जाऊ शकत नाही, आणि ज्याला जाता येत नाही त्याला मागताही येत नाही. चौदांत उचल नसलेला, कौशल्य असलेला आणि बाहेरून बोलावणं आलेला असा एकटा संदीपच होता. त्याने शेजारच्या गावच्या मालकाला आठ दिवसांची मुदत मागितली आणि अण्णांना निरोप दिला की शेवटच्या तिथीनंतर सगळे मिळून बसू, वही घेऊन या.

एका सुपारीचा हिशेब

बैठक अण्णांच्या ओसरीवर झाली. दादांनी सुरुवातीलाच सांगितलं की मागच्या भांडणांचं काही काढायचं नाही, त्या तीस हजारांच्या एकाच लग्नाचा हिशेब करायचा. याचा उपयोग झाला. सगळ्या वर्षाचा हिशेब घेतला असता तर प्रत्येक जण वेगळं लग्न आठवत बसला असता.

आधी बाहेरचा खर्च. टेम्पो साडेतीन हजार, चहा-नाश्ता नि जेवण दोन हजार, सुपारी आणून देणाऱ्या मांडववाल्याची दलाली तीन हजार. एकूण साडेआठ हजार. उरले साडेएकवीस हजार. त्यातून अकरा जणांना (दहा ढोल आणि एक टोल) सातशेप्रमाणे सात हजार सातशे, दोन ताशावाल्यांना चोवीसशे आणि संदीपला सातशे असे दहा हजार आठशे वाटले गेले होते. अण्णांकडे राहिले दहा हजार सातशे.

पोरांच्या चेहऱ्यावर "बघा!" उमटलं. मग अण्णांनी आपली बाजू मांडली, आणि ती ऐकण्यासारखी होती. वाद्यं ठेवायच्या खोलीचं भाडं महिना अडीच हजार, वर्षाचे तीस हजार. पानं, दोऱ्या, कड्या, झाळकाम यांवर वर्षाला चोवीस हजारांच्या आसपास. आणि बुडित. वाजवून झाल्यावर "उरलेले सोमवारी देतो" म्हणणारा सोमवार वहीत सात ठिकाणी उघडा पडलेला होता, वर्षाला तीस हजारांच्या घरात. वर्षाच्या तीस सुपाऱ्या धरल्या तर एका सुपारीवर हा बोजा अठ्ठावीसशेचा. म्हणजे त्या लग्नात अण्णांच्या हाती खरे राहिले सात हजार नऊशे, त्यातूनच जुने ढोल बदलायचे. पोरांनी पत्रावळीवर काढलेल्या एकोणीस हजारांपेक्षा हा आकडा फार लहान होता. तरी एका ढोलवाल्याच्या अकरापटीहून जास्त होता, हेही खरं.

इथून पुढे गाडं रुळावर आणलं दादांनी. त्यांच्या तरुणपणी बँडमध्ये रोजावर नव्हे तर वाट्यावर वाजवायचे. खर्च वजा जाता जे उरेल त्याचे वाटे. साध्या वादकाचा एक, कसबी वादकाचा दीड, म्होरक्याचे दोन, आणि वाद्यांचे वेगळे वाटे, कारण वाद्यंही झिजतात. अण्णांना हे माहीत होतं, त्यांच्या वडलांच्या काळी घरात हेच चालायचं.

मी कागदावर मांडून दाखवलं. अकरा जणांचे अकरा वाटे, तीन ताशांचे साडेचार, अण्णांचे म्होरक्या म्हणून दोन, वाद्यांचे चार. एकूण साडेएकवीस. साडेएकवीस हजार भागिले साडेएकवीस, वाटा बरोबर हजाराचा. ढोलवाल्याला हजार, ताशाला पंधराशे, अण्णांना वाद्यांसकट सहा हजार.

अण्णा नाही म्हणाले. वाद्यांचे चार वाटे कमी आहेत, आठ पाहिजेत. संदीपने आठला नकार दिला पण चारवरही अडून राहिला नाही. त्याने विचारलं, "अण्णा, बुडित तुम्ही एकट्याने सोसायचं की सगळ्यांनी?" या एका प्रश्नाने वाटाघाट हलली. वाट्यावर वाजवायचं तर गिऱ्हाइकाने दिले नाहीत तेवढे सगळ्यांचेच कमी होतात. अण्णांच्या डोक्यावरचा सुपारीमागचा हजाराचा बोजा सगळ्यांत विभागला जाणार होता. त्या बदल्यात वाद्यांचे सहा वाटे ठरले.

नवा हिशेब असा झाला. वाटे साडेतेवीस, वाटा नऊशेचा. ढोल आणि टोलवाल्यांना नऊशे, ताशाला तेराशे पन्नास, अण्णांना म्होरक्या म्हणून अठराशे आणि वाद्यांचे चोपन्नशे. वरचे साडेतीनशे डब्यात, पुढच्या पानांसाठी. अण्णांना खोली आणि दुरुस्ती वजा जाता चोपन्नशेच उरतात, आधीच्या सात हजार नऊशेच्या जागी. हे त्यांनी खुशीने मानलं असं मी म्हणणार नाही. गणपतीच्या तोंडावर तीन ताशावाले जाग्यावर राहणं त्यांना त्याहून महत्त्वाचं होतं.

काय ठरलं आणि काय राहिलं

ठरलेल्या गोष्टी एका पानावर लिहिल्या. सुपारी ठरली की इसाराच्या पावतीचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा, त्यावर रक्कम, तास आणि वादकांची संख्या असलीच पाहिजे. ठरल्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त वाजवायचं झालं तर तासाला ठरावीक जादा रक्कम, आणि ती गिऱ्हाइकाला इसार घेतानाच सांगायची, वरातीत नाही. रात्री दहानंतर वाजवायचं नाही. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी दहा ते सकाळी सहा हा वेळ बंदीचा आहे, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडून, आणि पोलीस आले तर वाद्यं उचलली जातात ती पार्टीची, गिऱ्हाइकाची नाहीत. गिऱ्हाइकाने कार्यक्रम रद्द केला तर इसाराचा अर्धा भाग वाद्यांना, अर्धा ठरलेल्या वादकांना.

पंचवीस हजारांच्या खालच्या सुपाऱ्यांना मात्र वाटे लागू झाले नाहीत. तिथे सातशेचा रोजच राहिला, कारण खर्च वजा जाता वाटा सातशेच्याही खाली आला असता. हे अण्णांनीच दाखवून दिलं आणि ते बरोबर होतं.

उचलीचा प्रश्न अर्धाच सुटला. कापण्याची रक्कम वाट्याच्या चौथाईपेक्षा जास्त नको एवढंच ठरलं. दादांची उचल अजून फिटायची आहे.

पुढे काय झालं

गणपतीत ही पद्धत पहिल्यांदा पणाला लागली. विसर्जनाची सुपारी मोठी होती, पण मिरवणूक रखडली, आणि मंडळाने जादा तासांचे पैसे द्यायला खळखळ केली. पूर्वी हे अण्णांचं एकट्याचं भांडण असायचं. या वेळी वाटा सगळ्यांचाच कमी होणार होता म्हणून दुसऱ्या दिवशी अण्णांबरोबर पाच जण मंडळाच्या कार्यालयात गेले, पावतीवरची अट दाखवली आणि बरीचशी रक्कम घेऊन आले. पैसे बुडण्याची भीती वाटून घेतल्याचा एवढा लवकर उपयोग होईल असं मलाही वाटलं नव्हतं.

गैरहजेरी कमी झाली. कुणी आयत्या वेळी आला नाही तर वाटे कमी होतात आणि उरलेल्यांना जास्त पडतात, पण त्या ढोलाचा आवाजही जातो आणि गिऱ्हाईक पैसे कापतं. त्यामुळे पोरंच एकमेकांना फोन करून उठवायला लागली.

एक परिणाम मात्र कुणाच्या ध्यानात आला नव्हता. दिवाळीनंतर दोन नवी पोरं शिकायला आली आणि जुन्यांनीच त्यांना विरोध केला. रोजावर वाजवताना नवा माणूस आला तर मालकाचे पैसे जात होते, आता प्रत्येकाच्या वाट्यातून जाणार होते. साडेतेवीसचे साडेपंचवीस वाटे झाले की वाटा नऊशेचा आठशे चाळीसवर येतो. स्वतः शिकताना सातशे घेतलेला संदीपसुद्धा आधी विरोधातच होता. दादांनी त्याला टायरची आठवण करून दिली. शेवटी असं ठरलं की शिकाऊला पहिला हंगाम अर्धा वाटा मिळेल आणि तो वाद्यांच्या सहा वाट्यांतून जाईल, कारण नवा वादक तयार होणं हा पार्टीच्या भांडवलाचाच भाग आहे. अण्णांनी हे एका वेळी एकाच शिकाऊपुरतं मान्य केलं. दुसरा मुलगा परत गेला.

काय वेगळं करता आलं असतं

संदीपने पार्टीत शिरतानाच दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या. पैसे रोजावर की वाट्यावर, आणि ताशावर गेल्यावर दर कधीपासून बदलणार. "शिकतोयस" या शब्दाला मुदत घातलेली नव्हती, म्हणून तो शब्द चैत्र-वैशाखभर ताणला गेला. अण्णांच्या जागी असतो तर मी त्याची कसोटी ठरवून दिली असती. पूर्ण वरातीत हात बदलताना पार्टी एकदाही फुटली नाही, अशा सलग तीन सुपाऱ्या झाल्या की तो ताशावाला. दादांकडे ती पारख होतीच, तिला दराशी जोडायचं राहून गेलं.

शेजारच्या मालकाचं बोलावणं संदीपने बैठकीत उघड केलं नाही, ते आधीच गावभर झालेलं होतं. ते त्याने पहिल्या दिवशी अण्णांना एकट्याला गाठून सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटतं. अण्णा दोन दिवस "पोरगं मला धमकावतंय" या समजुतीत राहिले आणि बैठकीचा पहिला तास त्या रागात गेला.

अण्णांनी वही वर्षभर आधी उघडली असती तर त्यांना वाद्यांचे सातही वाटे मिळाले असते. पोरांना तेव्हा संशय नव्हता. बैठकीत सहावर थांबावं लागलं ते आकड्यांमुळे कमी आणि साठलेल्या अविश्वासामुळे जास्त.

कानांचं कुणीच काही ठरवलं नाही. ताशा छातीजवळ असतो, तीन-चार तास तो आवाज कानावर सरळ येतो, आणि दादांना आता उजव्या कानाने कमी ऐकू येतं. कापसाचे बोळे पुरत नाहीत, चांगले कानबोळे सगळ्यांना डब्यातल्या पैशांतून घ्यावेत हे मी सुचवलं होतं. यंदा फक्त ताशावाल्यांसाठी घेतले गेले.

आणि नोटांचं भांडण अजून तसंच आहे. ओवाळलेल्या नोटा डब्यात टाकाव्यात असं अण्णांचं म्हणणं, ज्याच्या वाजवण्यावर खूश होऊन दिल्या त्याच्याच त्या असं दोन ताशावाल्यांचं, आणि ढोल नसता तर नुसत्या ताशावर कोण खूश झालं असतं, असं ढोलवाल्यांचं. तुळशीच्या लग्नानंतर पहिल्या तिथीच्या आधी पुन्हा बसायचं ठरलं आहे.